खुबा बदलला आणि पाय लांब झाला?

प्रश्न: माझं वय ६१. सात आठवड्यांपूर्वी डाव्या खुब्याचा सांधा बदलला. दुखणं गेलं, पण डावा पाय लांब झाल्यासारखा वाटतो आणि चालताना मी एका बाजूला पडते. मुलीने बेंबीपासून घोट्यापर्यंत टेप लावली तर डावा पाय अडीच सेंटीमीटर लांब निघाला. डॉक्टर म्हणतात, एक्स-रेत फरक आठ मिलिमीटरच आहे, ऑपरेशनआधी हाच पाय बारा मिलिमीटर आखूड होता. शेवटी मोच्याकडून उजव्या चपलेला अडीच सेंटीमीटरची टाच लावून घेतली. तीन आठवडे वापरतेय, पण आता कंबर दुखते. ऑपरेशनआधी उंची १५४.५ होती, परवा तपासणीत १५६ आली. खरं काय मानायचं? माझ्या जावेचा उजवा गुडघा बदललाय, तिलाही तो पाय लांब वाटतो. तिनेही टाच लावावी का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर: ती टाच हळूहळू काढायची आहे. कशी ते पुढे सांगतो, पण आधी मुलीची टेप आणि डॉक्टरांचा एक्स-रे यांचं भांडण मिटवू, कारण दोघांचंही मोजमाप बरोबर असू शकतं. दोघं वेगवेगळी गोष्ट मोजत आहेत.

पाय लांब होण्याचे दोन प्रकार असतात. पहिल्यात हाड आणि नवा सांधा मिळूनच एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब असतो. ही खरी लांबी. दुसऱ्यात पाय सारखेच असतात, पण कंबरेचं हाड, म्हणजे ज्याच्या दोन खोबणीत दोन्ही मांड्या बसतात ते कटीर, एका बाजूला कललेलं असतं. डावी बाजू खाली झुकली की डावा पायही तिच्याबरोबर खाली सरकतो आणि लांब भासतो. बेंबी कटिराबरोबर कलत नाही, ती मधेच राहते. त्यामुळे बेंबीपासून टेप लावली की खरा फरक आणि कललेपणाचा फरक एकत्र मोजला जातो. एक्स-रेवर मोजताना मात्र कटिराच्याच दोन ठरावीक खुणांमधून रेघ ओढतात आणि त्या रेघेपासून मांडीच्या हाडावरचा उंचवटा दोन्हीकडे किती खाली आहे ते पाहतात. कटीर कितीही कललं तरी रेघही त्याच्याबरोबर कलते, म्हणून तिथे बहुतांशी खरा फरकच दिसतो.

तुमचा हिशेब असा: एकूण २५ मिलिमीटर, त्यातले ८ खरे. उरलेले साधारण १७ मिलिमीटर कटीर डावीकडे झुकल्याचे. टेपची चूक त्यात धरलेली नाही. घरच्या मोजणीत अर्धा-एक सेंटीमीटर इकडे-तिकडे सहज होतं. कातडी सरकते, टेपचं टोक बेंबीत नक्की कुठे धरलं यात फरक पडतो, आणि पाय जरा फाकलेले असले तरी आकडा बदलतो. पण इतकी चूक धरूनही बराच वाटा कललेपणाचा राहतो.

आता हे का झुकलं? तुमचा डावा पाय १२ मिलिमीटर आखूड होता आणि आज ८ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे ऑपरेशनच्या एका दिवसात त्या खुब्याभोवतीचे स्नायू दोन सेंटीमीटर ताणले गेले. सांधा झिजत गेला त्या काही वर्षांत ते हळूहळू आखडले होते. नितंबाच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू, जे पाय बाहेर फाकवतात, ते आता तंग दोरीसारखे मांडीला बाहेर ओढून धरतात. पाय बाहेरच्या बाजूला अडकलेला असताना तुम्ही दोन्ही पावलं जवळ आणून उभं राहायचं म्हटलं, तर पाय आत येत नाही, त्याऐवजी कटीरच डावीकडे खाली झुकतं. त्यात ऑपरेशननंतर पायांत उशी ठेवून झोपण्याची सवय असते. रात्री डॉक्टरांनी सांगितलंय तोवर ती ठेवायचीच, पण दिवसभर आरामखुर्चीतही पाय फाकवून बसलं की आखडलेपण टिकून राहतं.

सर्जनने जरा लांब का ठेवला, असा प्रश्न मनात येतोच. खुब्याचा गोळा खोबणीत टिकून राहतो तो बराचसा आजूबाजूच्या स्नायूंच्या ताणामुळे. ताण कमी पडला तर सांधा निखळण्याचा धोका वाढतो. म्हणून टेबलावर सर्जन वेगवेगळ्या लांबीचे गोळे लावून, पाय वाकवून-फिरवून पाहतात. कधी कधी नेमक्या लांबीचा गोळा सैल वाटतो आणि पुढच्या मापाचा घट्ट बसतो, तेव्हा ते पुढचं माप घेतात. एक सेंटीमीटरच्या आतला फरक या ऑपरेशननंतर सर्रास आढळतो आणि बहुतेकांना काही महिन्यांनी तो जाणवतही नाही. तुमचे आठ मिलिमीटर त्यात बसतात.

माझं म्हणणं एवढ्यावर न मानता घरी स्वतः तपासा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, दोन्ही गुडघे सरळ. मुलीने समोर बसून दोन्ही हातांचे पंजे आडवे करून कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडेवर टेकवावेत. कंबर कुठे झुकली आहे ते पाहून, गुडघे सरळ असतानाच तुमची उजवी टाच आरामात टेकेपर्यंत तिने उजव्या पावलाखाली पुठ्ठे किंवा पातळ वह्या सरकवत राहाव्या. त्यांची जाडी मोजा. मग सगळं काढून टाका आणि डावं पाऊल नेहमीच्या जागेपासून चार बोटं, म्हणजे सात-आठ सेंटीमीटर बाहेर सरकवा. पुन्हा पंजे ठेवा. आता कंबर जवळपास सपाट झाली आणि उजवीकडे जेमतेम एका वहीची गरज उरली, तर दोष आखडलेल्या स्नायूंचा. पाऊल बाहेर नेऊनही तेवढीच जाडी लागत असेल, तर फरक हाडाचा आहे. तिसरी तपासणी खुर्चीवर बसून. बसल्यावर पायांच्या लांबीचा संबंध संपतो. तरीही कंबरेची एक बाजू वर राहत असेल तर कारण पाठीच्या मणक्यात आहे: जुना बाक, मणक्यांचं ऑपरेशन किंवा वयामुळे आलेला ताठरपणा. असा मणका असेल तर पुढचे व्यायाम पुरेसे पडणार नाहीत. ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

म्हणूनच अडीच सेंटीमीटरची टाच नको. उजवा पाय एवढा उचलला की दोन्ही पावलं आरामात जमिनीला टेकतात, पण कटीर मात्र डावीकडे झुकलेलंच राहतं. आखडलेल्या स्नायूंना ताण पडण्याची गरजच उरत नाही, ते तसेच राहतात. शिवाय मणक्याचा पाया तिरका झाला की डोकं सरळ ठेवायला कंबरेच्या मणक्यांना वाकावंच लागतं, आणि तो बाक सांभाळणारे स्नायू दिवसभर ओढले जातात. तुमची कंबरदुखी बहुधा तिथूनच आली आहे. टेपवर आलेला पूर्ण आकडा मोच्याला सांगणं ही या बाबतीतली सर्रास होणारी चूक आहे.

चालण्याकडे वळू. शरीर लांब पायाशी दोन-तीन ठरलेल्या पद्धतींनी जुळवून घेतं. लांब पाय पुढे टाकताना तो जमिनीला घासू नये म्हणून माणूस त्या बाजूची कंबर उचलतो, किंवा पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवतो, किंवा दुसऱ्या पायाच्या चवड्यावर चढतो. उभं असताना लांब पायाचा गुडघा किंचित वाकवून ठेवतो. मग वजन आखूड बाजूवर येताना शरीर पायरी उतरल्यासारखं खाली आदळतं. रात्री शांततेत फरशीवर चालून पाहा, उजव्या पावलाचा आवाज मोठा येईल.

पण ‘एका बाजूला पडते’ याचा एक वेगळाच अर्थही असू शकतो आणि तो टाचेने सुधारत नाही. ओट्याला हात टेकवून आरशासमोर फक्त डाव्या पायावर उभ्या राहा, तेही डॉक्टरांनी पूर्ण वजन द्यायला परवानगी दिली असेल तरच. उजवी कंबर खाली घसरली किंवा धड डावीकडे झुकवल्याशिवाय तोल राहिला नाही, तर डाव्या नितंबाचे स्नायू अजून कमकुवत आहेत. आखडलेले आणि कमकुवत, दोन्ही एकाच वेळी असतात, यात विरोधाभास नाही. अशा वेळी काठी सोडायची घाई करू नका, आणि काठी धरायची ती उजव्या हातात. डाव्या हातात धरली तर डाव्या नितंबावरचा भार फारसा कमी होत नाही.

आता उंची. हा प्रश्न लोक फार विचारतात आणि उत्तर सोपं आहे, फक्त मोजताना तुम्ही कसं उभं होता ते ठाऊक हवं. मणका कटिराच्या मध्यावर बसतो. म्हणून दोन्ही टाचा टेकलेल्या, दोन्ही गुडघे सरळ आणि कटीर मोकळं असेल, तर पायांतल्या फरकाचा निम्माच भाग उंचीत उतरतो. एक बाजू आठ मिलिमीटर वर गेली, तर मधला बिंदू चारच मिलिमीटर वर जातो. मणका त्यामुळे थोडा वाकला तर त्यातलंही थोडं कमी होतं. लांब पायाचा गुडघा वाकवून आखूड पायाच्या पातळीला आणला, तर उंची अजिबात वाढत नाही. उलट लांब पायावर ताठ उभं राहून दुसरी टाच उचलली, तर मोजपट्टीवर पूर्ण आठ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त दिसतात.

तुमच्या आकड्यांना हे लावून पाहू. ऑपरेशनआधी डावा पाय १२ मिलिमीटर आखूड होता, म्हणजे उंचीत ६ मिलिमीटर गेले होते. आता तो ८ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे ४ मिलिमीटर आले. पायांमुळे एकूण एक सेंटीमीटर वाढ अपेक्षित आहे, आणि तुमची दिसते दीड. उरलेल्या अर्ध्या सेंटीमीटरला बरीच साधी कारणं आहेत. झिजलेला खुबा पुढे वाकलेलाच राहतो आणि माणूस किंचित ओणवा उभा राहतो, तो आता सरळ झाला असेल. मोजताना उजवी टाच उचललेली असेल. किंवा आधीची मोजणी संध्याकाळी आणि आताची सकाळी झाली असेल. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात आणि एकाच माणसाची उंची सकाळ-संध्याकाळ एक सेंटीमीटरच्या आसपास बदलते. म्हणजे १५६ हा आकडा चुकीचा नाही, पण तुमचा पाय दीड सेंटीमीटर लांब केला असा त्याचा अर्थ होत नाही. पुढच्या वेळी सकाळी एका ठरावीक वेळेला, अनवाणी, टाचा टेकवून मोजा आणि आकड्याशेजारी कसं उभं होतो तेही लिहून ठेवा.

आता काय करायचं. मोच्याकडून टाच कापून घ्या: पहिला आठवडा १२ मिलिमीटर, पुढचा आठवडा ६, मग काहीच नाही. अडीच सेंटीमीटर एकदम काढून टाकले तर तीन आठवड्यांत सवय झालेली कंबर कुरकुर करेल आणि तोलही जाईल.

त्याच वेळी तीन व्यायाम, फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून. पहिला पलंगावर उताणं झोपून: पाय सरळ, उजवी टाच भिंतीला ढकलायची आहे अशी खाली लांबवा आणि त्याच क्षणी डावी कंबर काखेकडे ओढून घ्या. गुडघे वाकवायचे नाहीत, हालचाल कंबरेत व्हायला हवी. पाच सेकंद धरा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा ओट्याशी उभं राहून: दोन्ही पावलं समांतर, त्यांच्यात एका पावलाच्या रुंदीएवढं अंतर, दोन्ही गुडघे सरळ. उजवी टाच सुरुवातीला अधांतरी राहील. तिला हळूहळू जमिनीकडे दाबा, डाव्या नितंबाच्या बाहेरच्या बाजूला ओढ जाणवेल. अर्धा मिनिट, तीन वेळा. तिसरा खुब्याच्या पुढच्या बाजूसाठी: उताणं झोपून उजवा गुडघा छातीशी घ्या आणि डावा पाय पलंगावर सपाट ठेवून गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबा. तुमचं ऑपरेशन खुब्याच्या पुढच्या बाजूने झालं असेल तर हा तिसरा सर्जनला विचारल्याशिवाय करू नका, आणि कुठल्याही व्यायामात डावा पाय उजव्यावरून पलीकडे नेऊ नका. ओढ लागणं ठीक आहे, जांघेत टोचल्यासारखी कळ आली तर थांबायचं.

ऑपरेशनला तीन महिने झाले की बेंबीची टेप आणि वह्यांची तपासणी पुन्हा करा. फरक २५ वरून १५-१६ वर आला असेल तर स्नायू सुटत आहेत, व्यायाम चालू ठेवा. सहा महिन्यांनी आठ-दहा मिलिमीटरवर स्थिरावला तर तोच तुमचा खरा फरक. तेवढ्याला बहुतेकांना काहीच लावावं लागत नाही. तरीही कंबर दुखत असेल तर उजव्या चपलेत ४-५ मिलिमीटरची कडक रबराची किंवा कॉर्कची गादी घाला, पूर्ण आठची नाही. मऊ स्पंज नको, वजन पडताच तो चेपतो आणि माप खोटं ठरतं. दोन आठवड्यांत आराम वाटला तर राहू द्या, न वाटल्यास काढून टाका. एक सेंटीमीटरपर्यंतची गादी बुटाच्या आत मावते. त्याहून जाड घातली तर टाच बुटातून निसटते आणि घोटा सतत खाली वाकलेला राहतो, म्हणून जास्त फरकाला बाहेरून पूर्ण तळच वाढवून घ्यावा लागतो. आणि घरातल्या चपलेलाही तेच माप हवं. आपल्याकडे माणूस बुटात दोन तास आणि घरात दहा तास असतो, ही गोष्ट दवाखान्यात कुणी विचारत नाही.

सहा महिन्यांनंतरही दोन सेंटीमीटरच्या आसपास फरक टिकला, तर दोन्ही पायांचा कंबरेपासून घोट्यापर्यंतचा उभ्याने काढलेला लांब एक्स-रे मागा. खुब्याच्या एक्स-रेत मांडीच्या किंवा नडगीच्या हाडातला फरक दिसत नाही, आणि फिल्मवर हाडं खऱ्यापेक्षा मोठी दिसतात. मापाचा धातूचा गोळा शेजारी ठेवून फोटो काढलेला असेल तरच आकड्यावर विसंबता येतं. फक्त लांबीसाठी पुन्हा ऑपरेशन क्वचितच करतात, कारण पाय आखूड केला की सांधा सैल पडून निखळू शकतो.

काही गोष्टींसाठी मात्र तीन महिने थांबायचं नाही. पाय अचानक आखूड झाला, पाऊल आत किंवा बाहेर वळलं आणि वजनच देता येत नाही, तर सांधा निखळला किंवा हाड मोडलं असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालयात जा. पाऊल वर उचलता येत नसेल किंवा पावलाचा वरचा भाग बधिर असेल, तर पाय लांबवताना शीर ताणली गेली असू शकते. आणि लांब वाटणारा पाय काही आठवड्यांत हळूहळू आखूड होत गेला, उठताना मांडीत कळ येऊ लागली, तर नव्या सांध्याची दांडी हाडात खाली बसत असू शकते. ते नव्या एक्स-रेत जुन्याशी ताडून पाहिल्यावर कळतं.

तुमच्या जावेचं कारण वेगळं आहे. वर्षानुवर्षं वाकलेला गुडघा ऑपरेशनमध्ये सरळ केला की पाय आपोआप लांब होतो. मांडी ४० आणि नडगी ३८ सेंटीमीटर धरली, तर वीस अंश वाकलेल्या गुडघ्याने पायाची लांबी सुमारे १२ मिलिमीटर कमी होते, दहा अंशांनी तीनच मिलिमीटर. बाहेर धनुकली झालेल्या पायाचंही हेच गणित. म्हणजे उजवा पाय लांब झाला नाही, तो पूर्ववत झाला, आणि डावा बहुधा अजून वाकलेलाच आहे. डाव्या गुडघ्याचंही ऑपरेशन ठरलेलं असेल तर टाच लावून घेऊ नये, कारण दुसरा सरळ झाला की फरक बहुतेक मिटतो. ते वर्ष-दोन वर्षं लांबणार असेल आणि त्रास होत असेल, तर डाव्या चपलेत ५ मिलिमीटरपासून सुरुवात करावी. मात्र आधी बदललेला गुडघा झोपल्यावर पूर्ण सरळ टेकतो का ते पाहायला सांगा. टेकत नसेल तर तिला टाचेआधी फिजिओथेरपिस्टची गरज आहे.